टिंबबाईंची यादी

प्रकाशन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली होती. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची, शब्दकोशांची एक रांग आणि टिंबबाई. आल्यागेल्यासाठी दुसरी खुर्ची नव्हती आणि ती मुद्दामच नव्हती.

बाई मुद्रितशोधक होत्या. सव्वीस वर्षं छापायच्या मजकुरातल्या चुका काढत होत्या. टिंबबाई हे नाव त्यांना समोरच्या दालनातल्या जुळणीवाल्याने दिलं होतं. मजकूर संगणकावर टाइप करून पानं लावायची, बाईंनी लाल पेनाने खुणा केल्या की त्या चुका दुरुस्त करायच्या, पुन्हा प्रत काढून द्यायची, हे त्याचं काम. एकदा एकाच पानाच्या एका अनुस्वारासाठी बाईंनी त्याला पाच वेळा परत पाठवलं. सहाव्यांदा त्या दारात दिसल्या तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘आल्या बघा टिंबबाई!’’ दालन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पान त्याच्या टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, ‘‘टिंब अजून चुकलेलंच आहे.’’

बाईंच्या टेबलासमोर भिंतीवर एक यादी टांगलेली असे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, वरून प्लास्टिक. कलमं एकतीस. प्रत्येक कलमासाठी पुस्तक नव्याने वाचायचं, हा त्यांचा नियम. एका वाचनात फक्त अनुस्वार. ‘बाळाने’ आणि ‘बाळांनी’ यांत एक बाळ आहे की अनेक, ते मागचीपुढची वाक्यं बघून ठरवायचं. ‘डॉक्टराना’ दिसलं की डोक्यावर टिंब द्यायचं. ‘द्यावे’ने सुरू झालेलं पुस्तक मध्येच ‘द्यावं’ म्हणू लागलं की त्याचा कान धरायचा. दुसऱ्या वाचनात फक्त चंद्रबिंदू. मराठीत त्याला एरवी काम नाही, पण ‘बँडेज’, ‘बँक’ अशा शब्दांत तो येतोच. कुणी चंद्रबिंदूची एकच कळ दाबतं, कुणी आधी चंद्र काढून मग वर टिंब देतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधायला सांगितलं तर एकोणीस बँडेजांपैकी त्याला अकराच सापडतात, आणि अक्षरांचा ठसा, म्हणजे फॉन्ट, बदलला की उरलेल्या आठांची टिंबं भलतीकडे जाऊन बसतात.

तिसरं वाचन मोकळ्या जागांचं. ‘जेवणा नंतर’ जोडायचं, ‘मी च’ जोडायचं, स्वल्पविरामाच्या आधी घुसलेली फट बुजवायची. हे कलम कुणी हसण्यावारी नेलं की बाई एक जुनं प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, काढून दाखवत. ‘पाणी उकळून द्यावे’ या जागी एका फटीने ‘पाणी उकळू न द्यावे’ झालं होतं. चौथं वाचन आकड्यांचं. देवनागरी तर सगळीकडे देवनागरी, तक्त्यातही, पानाच्या क्रमांकातही. इंग्रजी आकडा मध्ये चालायचा नाही.

आणि शेवटचं, एकतिसावं कलम: मजकूर एका अक्षराने बदलला तरी पुन्हा पहिल्यापासून.

या एकतिसाव्या कलमावरून नव्या व्यवस्थापकाशी त्यांचं वाजलं.

व्यवस्थापक चाळिशीचा, घाईचा माणूस. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो बाईंच्या खोलीत आला, बसायला काही नाही म्हणून उभाच राहिला आणि यादी वाचून म्हणाला, ‘‘बाई, हे काम आहे की नवस?’’

‘‘काम आहे. तुम्हाला जमणारं नाही.’’

मग त्याने संस्थेत नवी शुद्धलेखन तपासणारी प्रणाली आणली. सगळ्यांना दालनात गोळा करून त्याने बाईंचंच एक तपासलेलं प्रकरण तिच्यात टाकलं. तिने दोन चुका दाखवल्या. दोन्ही खऱ्या होत्या. जुळणीवाल्याने टाळी वाजवली. बाईंनी ते पान घेतलं, चुका पाहिल्या, म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे,’’ आणि खोलीत गेल्या. त्या दिवशी दुपारचा डबा त्यांनी उघडलाच नाही. सव्वीस वर्षांत असा चारचौघांत पाणउतारा त्यांचा कुणी केला नव्हता. त्या दिवसापासून व्यवस्थापकाचं नाव निघालं की बाईंच्या कपाळावरची शीर उडू लागली.

घरीही त्यांना कुणी फार मानत होतं अशातला भाग नव्हता. घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. अण्णा शहाऐंशीचे, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले, आणि अजूनही ‘नांव’, ‘कांही’, ‘केंस’ असं डोक्यावर टिंब देऊनच लिहिणारे. न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहायचे नाहीत हा नियम त्यांच्या नोकरीतच आला आणि त्यांनी तो मनावर घेतला नाही. मुलगी त्याच नियमावर पोट भरते याचा त्यांना राग होता. किराण्याची यादी ते लिहीत आणि बाई ती वाचताना नुसत्या बघत. तेवढ्यानेही भांडण होई.

त्या वर्षी संस्थेकडे एक पुस्तिका आली. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आयांसाठी लिहिलेली, घरी औषध कसं द्यावं याची. शहाण्णव पानं, पाच हजार प्रती, आणि दवाखान्याच्या कार्यक्रमाची तारीख ठरलेली. मजकुरात आकडे देवनागरी, पण तक्ते दवाखान्याच्या संगणकातून आलेले, त्यांत आकडे इंग्रजी. बाईंनी पहिल्याच प्रुफावर लिहिलं, ‘सर्व आकडे देवनागरी करावेत.’ ते व्हायच्या आधीच दुसरं प्रूफ डॉक्टरीणबाईंकडे गेलं. त्यांनी समासात निळ्या शाईने काही बदल केले आणि ते जुळणीवाल्याकडे आलं. त्याने ते घातले, मग सगळे इंग्रजी आकडे एका झटक्यात देवनागरी करून टाकले आणि तिसरं प्रूफ बाईंच्या टेबलावर ठेवलं.

‘‘उद्या छपाईला जायचंय,’’ व्यवस्थापकाने दारातूनच सांगितलं.

‘‘मजकूर बदललाय. पहिल्यापासून वाचावं लागेल. चार दिवस.’’

‘‘आज संध्याकाळपर्यंत.’’

‘‘मग संध्याकाळपर्यंत होईल तेवढं होईल. बाकीच्यावर माझी सही मिळणार नाही.’’

आकडे नव्याने बदललेत म्हणून बाईंनी आधी आकड्यांचंच वाचन घेतलं. पान संपलं की खाली लाल खूण. चोविसाव्या पानावर असताना, संध्याकाळ व्हायच्या कितीतरी आधीच, व्यवस्थापक पुन्हा आला. त्याने काही न बोलता त्यांच्या हाताखालून गठ्ठा ओढून घेतला. लाल पेनाचा एक लांब ओरखडा पानभर उमटला.

‘‘प्रणालीने तपासलंय. चुका शून्य,’’ तो म्हणाला. ‘‘यापुढे छपाईच्या परवानगीवर तुमची सही लागणार नाही. जुळणी विभागाची पुरेल.’’

‘‘ज्याने चुका घालायच्या त्यानेच ‘चुका नाहीत’ म्हणून सही करायची?’’

‘‘बाई, तोंड सांभाळा.’’

‘‘तुम्ही पुस्तक सांभाळा.’’

जुळणीवाल्याने त्यांच्या देखत सही केली. पेनसुद्धा त्याने बाईंच्याच टेबलावरचं उचललं.

पाच दिवसांनी बाई तळमजल्यावर बांधणीखात्यात गेल्या. त्यांना एका दुसऱ्याच पुस्तकाचं काम होतं. मोठ्या टेबलावर पुस्तिकेचे छापील फॉर्म घडी घालून रचले होते. एका फॉर्मात सोळा पानं. बाईंनी सवयीने वरचा फॉर्म उचलला. तो दुसरा होता, सतरा ते बत्तीस पानांचा. त्यांचा डोळा सत्ताविसाव्या पानावर अडखळला.

‘ताप असताना दर ९ तासाने तापमान मोजावे.’

नऊ तासाने? नऊ असतील तर ‘तासांनी’ हवं. ‘तासाने’ म्हणजे तास एकच. तिथे मुळात एक होता. डॉक्टरीणबाईंनी हाताने १ लिहिला असणार, तक्त्यांतले इंग्रजी आकडे बघून बघून जुळणीवाल्याच्या डोळ्याला तो इंग्रजी नऊ दिसला असणार, आणि मग इंग्रजी नवाचा देवनागरी नऊ झाला. प्रणालीला त्यात काय सापडणार? शब्द बरोबर, आकडा देवनागरी, सगळं स्वच्छ. अनुस्वार नाही एवढाच पुरावा.

बाईंना पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्यांना आनंद झाला. पोटातून उकळी फुटावी तसा. आता हे पुस्तक बाहेर जाईल, डॉक्टरीणबाई पेटतील आणि त्या माणसाला तोंड लपवायला जागा उरणार नाही. त्यांनी फॉर्म होता तसा ठेवला, आपलं काम उरकलं आणि बाइंडरने ‘‘काय बाई, ठीक आहे ना?’’ म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘मला काय विचारता? मला कुणी विचारत नाही.’’

संध्याकाळी जेवताना त्या चक्क गुणगुणत होत्या. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान वर केली.

‘‘कोण मेलं?’’

‘‘कुणी नाही. आमच्या साहेबांची खोड मोडणार आहे.’’ आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. इतक्या दिवसांनी सांगण्यासारखं काही घडलं होतं.

अण्णांनी तुकडा ताटात ठेवला. ‘‘किती प्रती?’’

‘‘पाच हजार.’’

‘‘म्हणजे पाच हजार आया. तापाचं लेकरू मांडीवर घेऊन नऊ तास वाट बघणार. आणि तू इथे गाणी म्हणतेस.’’

‘‘मी नाही चूक केली. मला वाचूच दिलं नाही.’’

‘‘आता वाचलंस ना?’’

‘‘अण्णा, तुम्हाला माहीत नाही तो माणूस...’’

‘‘मला तू माहीत आहेस!’’ अण्णांचा आवाज चढला. ‘‘माझ्या अनुस्वारांचे तू गळे कापलेस, ते मी सोसलं. पोटासाठी करतेस म्हणून सोसलं. पण एवढं दिसूनही जो गप्प बसतो त्याला शुद्ध काय नि अशुद्ध काय? टिंबं मोजतेस नुसती. वाचत नाहीस. उद्या सांगणार नसलीस तर माझ्या ताटात वाढू नकोस.’’

‘‘मग स्वतःच्या हाताने घ्या!’’ बाई उठून गेल्या. भांडी त्यांनी इतकी आदळून घासली की एका पातेल्याला पोचा पडला.

सकाळी मात्र त्या तासभर आधी कार्यालयात गेल्या. अण्णांचं ऐकायचं म्हणून नव्हे, आधी खात्री करून घ्यायची असं त्यांनी स्वतःला बजावलं. जुन्या प्रुफांचं कपाट उघडून दुसरं प्रूफ काढलं. समासात निळ्या शाईत स्पष्ट होतं, ‘दर १ तासाने’. देवनागरी एक, शेपूट जरा लांब. बस्स, पुरावा हातात होता. मग सवयच ती, डॉक्टरीणबाईंचा प्रत्येक निळा बदल त्यांनी तळमजल्यावरून उचलून आणलेल्या छापील फॉर्मांशी ताडून पाहिला.

बाविसावं पान. तापाच्या औषधाचा तक्ता, वजनानुसार. ‘८ ते १० किलो’पुढचा छापील आकडा खोडून निळ्या शाईत: ‘४’. छापलेलं: ‘८ ते १० किलो – ८ मिली’. हाताने काढलेला देवनागरी चार, वरची टोकं जवळ आलेली. जुळणीवाल्याला तो इंग्रजी आठ दिसला. ‘मिली’ला अनेकवचन नाही, म्हणून इथे व्याकरणाने चुगली केली नव्हती.

बाईंनी छपाईनंतर कपाटात येऊन पडलेलं तिसरं प्रूफ ओढलं. बाविसाव्या पानाच्या तळाशी लाल खूण होती. त्यांचीच.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. हे पान त्यांनी वाचलं होतं, आकड्यांसाठीच वाचलं होतं. प्रत्येक आकडा देवनागरी आहे का, एवढंच बघितलं होतं. खालच्या ओळीत अकरा ते तेरा किलोला पाच मिली होतं. लेकरू जड झालं आणि औषध कमी झालं, हे एखाद्या अडाणी बाईनेसुद्धा ओळखलं असतं. दुप्पट औषध. आणि खाली त्यांची खूण, सव्वीस वर्षांच्या नोकरीची.

आता गप्प बसायला दुसरंही कारण होतं. बोललं की व्यवस्थापक बुडणार, आणि बाईही.

साडेनऊला व्यवस्थापक आला. बाई त्याच्या टेबलासमोर उभ्या होत्या, दोन्ही प्रुफं आणि फॉर्म घेऊन.

‘‘दुसरा फॉर्म रद्द करावा लागेल.’’

त्याने सगळं पाहिलं. चेहरा उतरला, मग पान बावीस पाहून पुन्हा खुलला. ‘‘ही खूण तुमची आहे.’’

‘‘माझी आहे. बावीसवरची चूक माझ्या हातून सुटली. सत्तावीस तुम्ही वाचूच दिलं नाही.’’

‘‘म्हणजे चूक तुमची.’’

‘‘अर्धी. तुमची अर्धी तुम्ही उचला.’’

जुळणीवाल्याला बोलावलं. तो आला आणि भांडायलाच लागला. ‘‘मी कशाला दोष उचलू? मला दिसलं ते मी टाइप केलं. अर्धे आकडे असे, अर्धे तसे. मी काय ज्योतिषी आहे? आणि सही करायला मला कुणी सांगितलं? या साहेबांनी! आणि या बाई सव्वीस वर्षं मला टिंबासाठी छळतात आणि आठाचा चार यांना दिसत नाही!’’

‘‘चाराचा आठ,’’ बाई म्हणाल्या.

‘‘बघा! बघा, अजूनही!’’

व्यवस्थापकाने दार लावून घेतलं. बाराशे प्रती बांधून झाल्या होत्या, दुपारी तीनला दवाखान्याची गाडी येणार होती. ‘‘शेवटी एक शुद्धिपत्र चिकटवू,’’ तो म्हणाला. ‘‘छोटीशी चिठ्ठी. दोन ओळींची.’’

‘‘ताप आलेल्या पोराची आई शेवटचं पान वाचत नाही. तक्ता वाचते.’’

‘‘बाई, हे या खोलीबाहेर गेलं तर मी तुम्हाला इथे ठेवणार नाही.’’

बाईंनी त्याच्या टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढला. त्याने त्यावर हात ठेवला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो हात तसाच राहू दिला. दार उघडून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि तिथून दवाखान्यात फोन लावला. समोरच्या दालनात सगळ्यांना ऐकू जात होतं. ‘‘डॉक्टरीणबाई, मी मुद्रितशोधक बोलतेय. तुमच्या पुस्तिकेत औषधाचं माप दुप्पट छापलं गेलंय. हो. पान बावीस. मी तपासलेलं पान आहे.’’

पलीकडून जे आलं ते बाईंनी उभ्यानेच ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कुणालाच सोडलं नाही. ‘‘तुम्ही सगळे मिळून मला खुनी ठरवणार होतात!’’ इतकं ते पार दारापर्यंत ऐकू आलं. बाईंनी एकदाच म्हटलं, ‘‘तुमचं अक्षरही नीट नाही,’’ तेव्हा पलीकडून फोन आपटला गेला.

बाराशे प्रती फाडल्या. दुसरा फॉर्म नव्याने छापला. कार्यक्रम पुस्तिकेविनाच झाला आणि पुस्तिका आठ दिवसांनी गेली.

व्यवस्थापकाला वरून काय ऐकावं लागलं ते कुणाला कळलं नाही. पण फोनच्याच दिवशी दुपारी त्याने बाईंना ताकीदपत्र दिलं. बाईंनी ते त्याच्यासमोर उभं राहून वाचलं. ‘आपल्या निष्काळजी पणा मुळे संस्थेचे नुकसान झाले असून आपणास 7 दिवसात खुलासा करावा लागेल.’ बाईंनी लाल पेन काढलं, ‘निष्काळजीपणामुळे’ जोडलं, 7 चा ७ केला, ‘दिवसात’च्या डोक्यावर टिंब दिलं, खाली लिहिलं, ‘पान बावीसपुरते मान्य,’ आणि सही केली. व्यवस्थापकाने कागद खसकन ओढून घेतला. त्यानंतर तो बाईंशी थेट कधीच बोलला नाही. निरोप शिपायाकरवी येत.

ताकीद मिळाली त्या संध्याकाळी घरी अण्णांनी विचारलं, ‘‘सांगितलंस?’’

‘‘सांगितलं. ताकीद मिळाली.’’

‘‘मिळायलाच हवी होती,’’ अण्णा म्हणाले आणि ताट पुढे सरकवलं. बाईंनी वाढलं.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी लेखी अट घातली की प्रत्येक पानावर त्याच मुद्रितशोधक बाईंची सही हवी. व्यवस्थापकाला हे गिळावं लागलं. बाईंनी आभार मानायला फोन केला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आभार कसले? मला तुम्ही आवडत नाही. पण स्वतःची चूक फोनवर सांगणारं दुसरं कुणी तिथे दिसलं नाही.’’

बाईंनी प्लास्टिक सोलून पुठ्ठ्यावर बत्तिसावं कलम लिहिलं: ‘आकडे नजरेने तपासू नयेत. एकाने मूळ प्रतीतला आकडा शब्दांत मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने छापील प्रतीत बोट ठेवावे. मग तक्त्याचा अर्थ लागतो का पाहावे.’ त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: ‘हाताने केलेल्या दुरुस्तीत आकड्याशेजारी तो अक्षरांतही लिहून घ्यावा.’

हे काम एकट्याचं नव्हतं. दुसरं माणूस लागायचं, आणि मजकूर ठाऊक असलेला माणूस एकच होता. कित्येक दिवस बाईंनी ते टाळलं. शेवटी एका दुपारी त्यांनी बांधणीखात्यातून एक मोडकी खुर्ची वर आणली आणि आपल्या टेबलापलीकडे ठेवली. जुळणीवाला बोलावल्यावर आला, त्याने खुर्चीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

‘‘एक पाय हलतोय हिचा.’’

‘‘मग नीट बसा.’’

तो बसला. मूळ प्रत त्याने पुढ्यात ओढली, घसा खाकरला आणि मुद्दाम कानठळ्या बसतील अशा आवाजात वाचायला लागला. ‘‘आठ ते दहा किलो, चार!’’

‘‘चार,’’ बाईंनी बोट ठेवलं. ‘‘बहिरी नाही मी.’’

‘‘अकरा ते तेरा किलो, पाच!’’

‘‘पाच. पुढे.’’

शेवटचा तक्ता संपेपर्यंत दोघांनीही आकड्यांखेरीज दुसरा शब्द काढला नाही.